नाव नानासोचं, नंबर मदनचा

चंद्राबाईला सगळ्या जन्मात एकच फोन नंबर पाठ झाला, तो पोराचा. तिचा स्वतःचा नंबर कुणी विचारला तर ती फोनच पुढं करायची, ‘बघा बाबा तुमीच’ म्हणायची. मदनचा मात्र भाकरी थापता थापता म्हणून दाखवायची, शेवटच्या तीन आकड्यांवर हेल काढून, जात्यावरच्या गाण्यासारखा. त्यामुळं एका दुपारी सून संयोगिता कडेला येऊन बसली आणि “आत्याबाई, ह्यांचा नंबर बंद पडलाय” म्हणाली, तवा चंद्राबाईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि हसली.

“काल तर बोलला की. उसळ केलीया म्हणाला. आदी तोंड दावलं, मग उसळ दावली.”

“ते व्हाट्सॅपवर.”

“नंबर त्योच का दुसरा?”

“त्योच.”

“मग बंद कसा म्हणतीस?”

संयोगिता बी.ए. झालेली. पण तिलाही ते नीट उमगलं नव्हतं.

चंद्राबाईचं घर विट्याजवळच्या एका वाडीवर. ह्या भागातले बाप्ये गलाईला जातात. म्हणजे सोनाराच्या पेठेत भट्टी लावून जुनं सोनं-चांदी गाळायची, तेजाब घालून शुद्ध करायची. देशात पेठ नाही जिथं विट्या-खानापूरचा, माण-खटावचा गलाईवाला नाही. चंद्राबाईचा नवरा कानपूरला होता. लग्न झाल्यावर वर्षातनं एकदा यायचा, गावच्या जत्रेला. बाकीचं वर्ष पोस्टकार्ड. पोस्टकार्ड मास्तरकडनं वाचून घ्यायचं, त्यामुळं त्यात ‘सर्व खुशाल’ सोडून काही नसायचं. मग विट्यात एसटीडीचं बूथ आलं. रांगेत उभं राहायचं, काचेच्या खोलीत शिरायचं आणि आकडे पळताना बघून बोलायचंच विसरायचं. मग सरपंचाच्या घरात फोन आला. तिथं सरपंचीणबाई कान लावून बसायची. नवरा गेला त्याचा निरोप त्याच फोनवर आला होता. नंतर मोबाईल आला, आणि पोरगं गलाईला गेलं तरी खिशात असल्यागत झालं. चंद्राबाईला वाटायचं, चला, माणूस लांब गेला तरी आता तुटत न्हाई. म्हणून वरनं हसली तरी ‘नंबर बंद’ हा शब्द तिच्या कानाला लागला तो सरपंचाच्या फोनवरच्या त्या निरोपासारखा.

संध्याकाळी मदन शारजाहून पडद्यावर आला. गलाई सोडून तो आता तिकडं कामाला. मागं लोखंडी खाटा, एकावर एक.

“आये, ऐक. सीमवर मी लय दिस रिचार्जच केला न्हाई. हितं कंपनीचं दुसरं कार्ड हाय, वायफाय हाय. व्हाट्सॅप चालतंय म्हटल्यावर मला वाटलं नंबर जित्ता हाय. त्यो तर मेला. तीन महिने काईच वापर न्हाई झाला म्हणून कंपनीनं काढून टाकला.”

“वापर न्हाई कसा? मी रोज बोलती की!”

“ते त्यांच्यात धरत न्हाईत. फोन लागाय पायजे, न्हाईतर मेसेज जाया पायजे, सीमवरनं.”

“मग आपण रोज बोलतोय ते कुणात धरत्यात?”

मदनला हसू आलं, पण टिकलं नाही. बँकेनं त्याच्या खात्याचे कागद पुन्हा तपासायला घेतले होते. आकडा पाठवतो, तो सांगा, म्हणत होती बँक, आणि आकडा जाणार त्या मेलेल्या नंबरवर. आधारला तोच नंबर. आधारचा बदलायचा तर त्यानं स्वतः येऊन अंगठा द्यायचा. रजा पुढच्या दिवाळीला. आधी निघाला तर कामावर दुसरा माणूस बसलाच म्हणून समजा.

“आणि अजून एक,” तो म्हणाला. “नंबर परत मिळवायला थोडेच दिस हातात हायत. तेवढ्यात झालं तर झालं. न्हाईतर नंबर ठेवून देत्यात आणि पुढं दुसऱ्या कुणाला देत्यात.”

“दुसऱ्याला?” चंद्राबाईचा हात पदरावर गेला. “म्हणजे मी तुला लावायचं आणि तिकडनं परकं माणूस बोलायचं?”

“व्हय. आणि मग व्हाट्सॅपबी त्याचंच.”

एवढं मात्र तिला पुरतं कळलं.

मदननं कागदावर अर्ज लिहून त्याचा फोटो पाठवला. संयोगितानं विट्यात तो छापून घेतला. दोघी बसथांब्यावर बसल्या असताना चंद्राबाईनं तो तिच्याकडनं वाचून घेतला.

‘मा. व्यवस्थापकसाहेब, मी खाली सही करणार मदन, सध्या राहणार शारजा, कामानिमित्त परदेशी असून माझा मोबाईल नंबर वापर नसल्याच्या कारणाने आपण बंद केला आहे. साहेब, वापर नव्हता हे खरं आहे, पण गरज नव्हती असं नाही. मी ह्याच नंबरवर पोराचा बाप झाल्याची बातमी ऐकली. माझं आधार व बँक ह्याच नंबरला आहे. मी येऊ शकत नाही, तरी माझी आई व पत्नी यांस हजर समजून नंबर पूर्ववत चालू करावा. जे काही भरायचं असेल ते भरण्यास तयार आहोत.’

“बरं लिवलंय,” चंद्राबाई म्हणाली. “बापापेक्षा बरं.”

कंपनीचं दुकान मायणी रस्त्याला, काचेचं, आत थंडगार. टेबलामागं प्रीती नावाची पोरगी. तिनं अर्ज वाचला, चेहरा जरा मऊ झाला. मग संगणकात नंबर घातला आणि चेहरा पुन्हा होता तसा झाला.

“मावशी, नंबर अजून परत घेता येण्यासारखा आहे. पण हा अर्ज चालायचा नाही. नंबर ह्यांच्या नावावर नाही.”

“कुणाच्या?”

“मदन ह्या नावावर नाही.”

“आगं, त्याचाच हाय. बारा वर्सं त्योच बोलतोय त्याच्यावर.”

“बोलत असतील. नाव दुसऱ्याचं आहे.”

“मग कुणाचं हाय?”

“ते मला सांगता येत नाही.”

चंद्राबाईनं सुनेकडं पाहिलं. सुनेनं प्रीतीकडं.

“म्हंजे,” चंद्राबाई सावकाश म्हणाली, “त्या माणसाला घेऊन यायचं, पण त्यो कोण त्ये तू सांगायची न्हाईस?”

“नियम आहे, मावशी. उद्या तुमचा नंबर कुणाच्या नावावर आहे हे मी कुणालाही सांगितलं तर चालेल का?”

“सांग की. माझं काय जातंय? माझाबी कुणाच्या नावावर हाय मला म्हाईत न्हाई.”

मागं रांगेतला एक जण फस्सकन हसला. प्रीतीनंही हसू दाबलं. “ज्यांचं नाव आहे ते स्वतः आले पाहिजेत. मूळ आधारकार्ड घेऊन. त्यांचा अर्ज, त्यांचा अंगठा नाहीतर फोटो. चिठ्ठी देऊन दुसऱ्याला पाठवलेलं चालत नाही. लवकर करा.”

दुकानाबाहेर दोघी उभ्याच राहिल्या. संयोगितानं मदनला लावलं. त्यालाही आठवेना. “बाबांच्या नावावर असंल काय?” त्यानं विचारलं. चंद्राबाई म्हणाली, बाबा तर त्याच्या आदीच गेलं. “मग पोस्टातल्या काकांच्या?” त्यांचा काय संबंध. मदन तिकडनं एकेक नाव घ्यायचा, ही इकडनं खोडायची. वरनं एसट्यांचा धुरळा. शेवटी चंद्राबाईनं विचारलं, “सीम घेतलं कुठं?”

“गलाईला पैल्यांदा निघालो तवा. म्हसवडला.”

चंद्राबाई खाली बसली. पायरीवरच.

म्हसवडकडं तिचं माहेर. आणि ती दुपार तिला आता अशी आठवली की जणू काल झाली. पोरगं नुकतं अठरा वर्षांचं, नावाला एक कागद नाही. चुलतभाऊ नानासो त्याला आणि आणखी तीन पोरांना आपल्या कोईमतूरच्या भट्टीवर नेणार होता. निघायच्या आधी त्यानं चौघांना मोबाईलच्या टपरीवर उभं केलं, आपलं कार्ड फळीवर आपटलं आणि म्हणाला, “चार सीम दे. चारीबी माझ्या नावावर. पोरं माझी हायत.” सगळे गलाईवाले असंच करायचे. पोराला भट्टीवर न्यायचं म्हणजे त्याचं जेवण, खोली, सीम, सगळं शेठच्या नावावर. चंद्राबाईला तवा भरून आलं होतं. बिनबापाच्या पोराला कुणीतरी नाव दिलं असं तिला वाटलं होतं.

आणि चार वर्षांमागं मदननं ती भट्टी सोडली. ऐन दिवाळीच्या गर्दीत, न सांगता. शारजाचा व्हिसा आला होता, आणि नानासोच्या तोंडाकडं बघून सांगायची त्याची छाती झाली नाही. नानासोनं तो सीझन एकट्यानं ओढला. मग चंद्राबाईला फोन करून एवढंच म्हणाला, “चंद्रे, आता माझ्या उंबऱ्याला कुणी यायचं न्हाई.” तेव्हापासून तिचं माहेर बंद. भावकीतल्या दोन लग्नांना ती गेली नाही. बोलवणं होतं, पण त्या उंबऱ्यावरनंच पुढं जावं लागायचं.

“नानामामा,” मदन फोनमधनं बारीक आवाजात म्हणाला. त्यालाही आठवलं होतं. “आये, ऱ्हाऊ दे मग. बघतो मी दुसरं काईतरी.”

“काय बघतोस? शारजातनं दुसरा मामा बघतोस?”

दुसऱ्या दिवशी ती एकटीच एसटीत बसली. संयोगिता येते म्हणाली, तर म्हणाली, नको, शिव्या खायच्याच तर एकटीनं खाल्लेल्या बऱ्या, वाटून कमी थोड्याच व्हत्यात. वाटेत मायणी गेली, माण लागलं. बाभळी, मेंढरं, उघडी टेकाडं. तिला सारखं वाटत होतं की आपण नक्की काय मागायला निघालोय. नंबर पोराचा. नाव भावाचं. बंद कंपनीनं केला. चूक कुणाची ते मधेच कुठंतरी पडलंय, आणि माफी मात्र आपण मागायची.

नानासो ओट्यावर बसला होता. भट्टी आता पुतण्याकडं देऊन गावी आलेला. तिला पाहून तो उठला नाही, पण पसरलेले पाय तेवढे जवळ घेतले. त्याची बायको शालूबाई आतनं डोकावली आणि लगेच चहा ठेवायला गेली.

“घरला यायला नंबर बंद पडाय लागला व्हय?” सगळं ऐकून घेतल्यावर नानासो म्हणाला.

“तूच यायचं न्हाई म्हणालतास, दादा.”

“मी म्हणालो म्हणून तू आली न्हाईस? लहानपणी कवा माझं ऐकलंस, ते आत्ताच ऐकाय सुचलं?”

चंद्राबाईनं अर्जाचा कागद पुढं केला. त्यानं तो लांब धरून वाचला. परत वाचला.

“ह्यात माझं नाव न्हाई.”

“त्याला म्हाईतच न्हवतं, नंबर तुझ्या नावावर हाय त्ये.”

“हां.” नानासोनं कागदाची घडी घातली. “चार वर्सं माझ्या नावावर सगळ्या जगाशी बोललं. मला तेवढं सोडून. आणि त्याला म्हाईतबी न्हाई. आगं, उद्या त्या नंबरवरनं काय उलटंपालटं झालं असतं तर पोलीस शारजाला न्हाई, हितं आलं असतं.”

“मग तू बंद का न्हाई केलास? तुझ्या नावावर हुता तर.”

ती सहजच बोलून गेली. नानासोनं तिच्याकडं पाहिलं, मग अंगणातल्या कोंबड्यांकडं. चहा आला. शालूबाई कप ठेवता ठेवता म्हणाली, “त्यांनाबी म्हाईत न्हाई का न्हाई केला त्ये. घ्या चहा.”

चहा संपला. मग नानासो उठला, आतनं टोपी आणि आधारकार्ड घेऊन आला. “चल,” म्हणाला. “मला काय हौस न्हाई. पण माझ्या नावाचा नंबर परक्याकडं जायचा म्हंजे माझंच नाव जायाचं.” हे म्हणणं तिला नीट पटलं नाही, पण एसटी चुकू नये म्हणून ती पिशवी उचलून त्याच्या मागं निघाली.

विट्यात दुकानाशी संयोगिता वाट बघत होती. नानासोनं तिचा नमस्कार टोपी सावरत घेतला. प्रीतीनं नवा अर्ज पुढं सरकवला. नानासो लिहायला बसला आणि ‘नंबर न वापरण्याचे कारण’ ह्या ओळीवर थांबला.

“हितं काय लिवू? वापरणारा पळून गेला असं लिवू?”

“जे खरं असेल ते लिहा, काका.”

त्यानं लिहिलं: ‘माझा भाचा परदेशी आहे.’ संयोगितानं ते चंद्राबाईच्या कानात वाचून दाखवलं. भाचा. चंद्राबाईनं पदर तोंडाशी नेला.

मग अंगठा. प्रीतीनं छोटं यंत्र पुढं ठेवलं. नानासोनं अंगठा दाबला. यंत्रानं नकार दिला. पुसून दाबला. नकार. दुसरा अंगठा, मग बोटं. नकार.

“तेजाबानं गेलंत ठसं,” नानासो हात उलटे करून बघत म्हणाला. “आमच्यातल्या निम्म्या लोकांचं हेच. रेशन दुकानदारबी वैतागतो माझ्यापायी.”

चंद्राबाई पुढं सरकली. “म्हंजे आता? नाव हाय, माणूस हाय, तरी न्हाई?”

“दुसरी पद्धत आहे, मावशी. कार्डाचा फोटो घेते आणि ह्यांचा समोरासमोर फोटो. काका, इथं बघा. डोळे मिचकवा.”

“कशाला?”

“माणूस जिवंत आहे हे मशीनला कळायला पाहिजे.”

“दोन एसट्यांतनं धक्के खात आलोय, अजून कळंना व्हय त्याला?” असं म्हणत नानासोनं दोन्ही डोळे इतके घट्ट मिटले की मशीनला ते मिचकावणं वाटेना. “हळू, दादा, भट्टीचा धूर लागल्यागत न्हवं,” चंद्राबाई म्हणाली, आणि तो हसला, आणि हसताना डोळे आपोआप मिचकले. झालं. त्याच्या स्वतःच्या फोनवर एक आकडा आला, तो त्यानं प्रीतीला वाचून दाखवला. तिनं नवं सीम दिलं.

“फोन आता चालू होईल. मेसेज मात्र एक दिवस येणार नाहीत, सीम बदललं की तसंच असतं. बँकेचं उद्या संध्याकाळनंतर करा. आणि रिचार्ज थांबवू नका. सीम घरात एखाद्या फोनमध्ये ठेवा, अधनंमधनं फोन करत जा.”

“आणि नाव?” संयोगितानं विचारलं. “ह्यांच्या नावावर कधी होईल?”

“ते आता नाही होत. ते परत आले की. आणि त्या वेळी देणारा, घेणारा दोघंही इथं हजर लागतात.”

“दोघंबी?” नानासो म्हणाला.

“दोघंही.”

संयोगितानं नवं सीम चंद्राबाईच्या बटणांच्या फोनमधल्या रिकाम्या खाचेत घातलं. दुकानाच्या पायरीवर तिघं वाट बघत बसले. बराच वेळ काही नाही, मग पडद्यावर एक दांडी आली, मग सगळ्या. “लावा कुणालातरी,” संयोगिता म्हणाली. “म्हणजे वापर धरतील.”

चंद्राबाईची बोटं बटणांवर गेली आणि सवयीनं मदनचाच नंबर दाबू लागली. सहा आकडे दाबल्यावर तिला कळलं की तोच नंबर तर हातात आहे. ज्याला लावायचं त्याच्याच नंबरवरनं त्यालाच कसं लावणार? ती गोंधळून सुनेकडं बघू लागली. संयोगितानं फोन घेतला, नानासोकडनं त्याचा नंबर विचारून दाबला आणि परत तिच्या हातात दिला.

नानासोच्या खिशात फोन वाजला. त्यानं काढून लांब धरला. संयोगितानं वाकून पाहिलं. पडद्यावर नाव होतं, ‘मदन भट्टी’. चार वर्षांत ते खोडलेलं नव्हतं.

नानासो ते नाव बघतच राहिला. मग उचलून कानाला लावला, आणि तोंडातनं जुन्या सवयीनं निघून गेलं, “हां, बोल रं.”

“मी हाय,” पायरीवर हातभर अंतरावर बसलेली चंद्राबाई म्हणाली.

“म्हाईत हाय की.”

पण त्यानं फोन खाली घेतला नाही, आणि तिनंही नाही. समोरून उसाचा ट्रॅक्टर गेला, तो जाईपर्यंत दोघं कानाला फोन लावून थांबले. तोंडासमोर विचारवत नव्हतं ते चंद्राबाईला फोनमध्ये विचारायला सोपं गेलं.

“राग हाय का रं अजून त्याच्यावर?”

“हाय.” नानासो रस्त्याकडं बघत फोनमध्ये बोलला. “त्याला सांग, दिवाळीला आला की आदी म्हसवडला यायचं. दोघंबी लागत्यात म्हणली ती पोरगी. मी काय त्याच्या दाराला जायाचा न्हाई.”

“सांगती.”

“आणि रिचार्ज मारत जा. माझ्या नावावर हाय नंबर.”

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीनंतर बँकेचा आकडा त्या बटणांच्या फोनवर आला. संयोगितानं तो व्हाट्सॅपवर मदनला वाचून दाखवला, आणि तिकडं त्याचं काम झालं. चंद्राबाई दोन्ही फोनांकडं आळीपाळीनं बघत होती. एकात मदनचं तोंड, एकात मदनचा नंबर, आणि त्या नंबरवर नाव नानासोचं.

“आये, नानामामा काय म्हणाले?” मदननं विचारलं.

“मला काय म्हणायचं ते फोनवर म्हणाला,” चंद्राबाई म्हणाली. “तुला काय म्हणायचं ते तू लावून ऐक. त्याच्याबी खिशात तुझं नाव हाय अजून.”